मदत हवी आहे: एकाच मुलाच्या तीन राशी कशा?

चहाटळ

चहा पिता पिता कॉलेजमधल्या मैत्रिणीशी वाद झाला, तो अजून मिटलेला नाही, म्हणून हा धागा. आम्हा दोघींना एकेक जण आवडतो. त्या दोघांना याचा पत्ता नाही आणि तो लागूही नये, म्हणून नावं देत नाही. संवाद जवळजवळ जसाच्या तसा:

ती: तुझा सिंह ना? मग संपलंच. सिंहवाल्यांना आरसा आणि टाळ्या, एवढंच लागतं.

मी: त्याला? अगं, गॅदरिंगभर तो स्टेजच्या मागे वायरी गुंडाळत होता. ग्रुप फोटोतसुद्धा नाहीये.

ती: तारीख सांग.

मी: ९ ऑगस्ट २००६.

ती: म्हणजे सिंहच. थांब, हे दुसरं अ‍ॅप कर्क म्हणतंय. कर्क म्हणजे हळवा, घरकोंबडा.

मी: माझी वही परत देताना फाटलेल्या पानाला मागच्या बाजूने चिकटपट्टी लावून दिली होती त्याने. पुढून लावली तर अक्षरं झाकली जातात म्हणून. हे हळवेपणात धरायचं का?

ती: छे, ते कन्येचं लक्षण.

मी: आता कन्या कुठून उपटली?

ती: नीटनेटकं काही दिसलं की कन्या. माझ्याचं बघ, २० मार्च २००५. मीन आणि मेष दोन्ही. स्वप्नाळू, पण तापट.

मी: म्हणजे मेसेज वाचायला विसरतो तेव्हा मीन, आणि नुसतं 'हं' पाठवतो तेव्हा मेष?

ती: चहा पी गपचूप. गार होतोय.

यावर कडी म्हणजे, माझ्यावाल्याची बहीण आमच्याच वर्गात आहे. आडून आडून विचारलं, तर म्हणाली, "दादाची रास मकर, पत्रिकेत लिहिलीय." आता सिंह, कर्क की मकर? आणि मैत्रिणीचा खरंच अर्धा मीन, अर्धा मेष असू शकतो का?

गुलबकावली

सोपं आहे गं. नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास बघायची. मा, मी, मू, मे, मो असेल तर सिंह. भो, जा, जी, खी असेल तर मकर. आमच्याकडे सगळ्यांची अशीच काढतात आणि स्वभाव तंतोतंत जुळतो.

चहाटळ

त्याचं नाव 'म' वरून आहे. म्हणजे पुन्हा सिंह. देवा.

घटीपळे

गुलबकावली, अक्षरं बरोबर सांगितलीत, पण गाडी उलटी जोडलीत. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघतं आणि त्यावरून नाव ठेवतात. आईवडिलांनी आवडलं म्हणून 'म'चं नाव ठेवलं असेल, तर त्यावरून चंद्र कुठे होता हे कसं कळणार? जन्मवेळ माहीत नसली की नावावरून रास धरतात, पण ती नावरास. इथे तर पत्रिकाच आहे.

चहाटळ, तुझी तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिलं अ‍ॅप पाश्चात्त्य पद्धतीचं. त्यात सूर्याची रास बघतात आणि मेषेचा आरंभ वसंतसंपातापासून, म्हणजे २०-२१ मार्चपासून धरतात. त्या हिशेबाने ९ ऑगस्टचा सूर्य सिंहेत, साधारण सतराव्या अंशावर येतो. दुसरं अ‍ॅपही सूर्यच बघतंय, पण आपल्या पंचांगासारखं, ताऱ्यांच्या आधाराने. या दोन आरंभांमध्ये सध्या सुमारे २४ अंशांचं अंतर आहे. सतरातून चोवीस गेले की आपण सिंहेच्या मागे सरकून कर्केच्या तेविसाव्या अंशाजवळ येतो. झालं कर्क.

बहीण सांगतेय ती चंद्ररास. आपल्याकडे नुसतं 'रास' म्हटलं की चंद्राचीच. ९ ऑगस्ट २००६ ला पौर्णिमा होती. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणजे कर्केपासून मोजत सातवी रास: मकर. ही युक्ती पौर्णिमेला आणि अमावस्येला पटकन चालते. एरवी चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, त्यामुळे पंचांग उघडावंच लागतं.

तुमची खरी गफलत अशी की तुम्ही अ‍ॅपमधल्या सूर्यराशीला चंद्रराशीचे गुण चिकटवताय, आणि दोन्ही जुळेनात की कन्या बोलावताय. एक पद्धत धरा आणि दोन्ही मुलांना तीच लावा.

चहाटळ

मकरेचं वर्णन वाचलं. कमी बोलणारा, कामाला वाघ, पुढे पुढे न करणारा. वायरी गुंडाळणं जमलं की हो! आता अर्धा मीन-अर्धा मेष?

घटीपळे

अर्धामुर्धा काही नसतं. सूर्य ठरावीक क्षणी रास ओलांडतो. २००५ मध्ये तो क्षण २० मार्चला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहाच्या सुमारास होता. त्याआधीचा जन्म असेल तर मीन, नंतरचा असेल तर मेष. हे अर्थात पाश्चात्त्य हिशेबाने. आपल्या पंचांगात सूर्य मेषेत जातो एप्रिलच्या मध्यावर, त्यामुळे तिकडे तो मुलगा बिनबोभाट मीनच. जन्मवेळ विचारा.

चहाटळ

विचारली. "दिवेलागणीला," असं त्याची आई म्हणते म्हणे. मैत्रीण आता डोक्याला हात लावून बसलीय.

घटीपळे

मग हॉस्पिटलचा कागद शोधा. दिवेलागण म्हणजे पाऊण तासाचा कारभार, त्यावर मीन-मेष ठरत नाही.

वैतागवाडी

माझीही मकर आहे. बायकोची मेष. छत्तीसपैकी साडेसव्वीस गुण जुळले होते. काल पंख्याच्या वेगावरून दोन तास अबोला होता. मुलीला मंगळ आहे का ते आधी बघा, नाहीतर पुढे अवघड जाईल.

चहाटळ

काका, लग्नाचं नाही हो विचारलं! अजून त्याच्याशी धड बोलणंसुद्धा झालेलं नाही.

शंकासुर

मला विचाराल तर 'मकरेचं वर्णन जमलं' यावरच माझा आक्षेप आहे. वायरी गुंडाळण्यावरून कन्याही जमली असती, आणि वर्षभर खपून शेवटी बक्षीस घेतलं असतं तर सिंहही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'हे खास तुझं वर्णन' म्हणून कागद दिला. सगळ्यांना मजकूर एकच होता, तोही बराचसा बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. मुलांनी त्याला पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले.

करून बघायचं असेल तर सिंह, कर्क आणि मकर यांची वर्णनं तीन चिठ्ठ्यांवर उतरवा. राशीचं नाव, 'राजासारखा', 'आईवेडा' असले खुणेचे शब्द गाळा. मग त्याला नीट ओळखणाऱ्या पण हा वाद न ऐकलेल्या कोणालातरी निवडायला सांगा. मैत्रीण नको, तिला उत्तरं माहीत आहेत.

गुलबकावली

तुमच्यासारख्यांना कितीही पटवा, पटणार नाही. चिठ्ठ्यांनी स्वभाव कळतो होय?

घटीपळे

शंकासुर, एकच माणूस निवडणार असेल तर तीनात एक वेळा नुसत्या नशिबानेही बरोबर येईल. चार-पाच जणांना वेगवेगळं विचारायला लावा. आणि पत्रिका नुसत्या राशीवर कोणी सांगत नाही. लग्नरास आहे, इतर ग्रह आहेत. तेवढं सोडलं तर प्रयोगाला माझी हरकत नाही.

चहाटळ

चिठ्ठ्या केल्या. बहिणीने कर्क उचलली आणि म्हणाली, "हा तर डिट्टो दादा." त्याच्या लॅब पार्टनरने मकर उचलली. मैत्रिणीला देणारच नव्हते, पण तिने हिसकावून घेतली, सिंह निघाली, आणि म्हणाली, "बघ, हा तर माझावालाच आहे."

हॉस्पिटलचा कागद अजून मिळालेला नाही. तिसरा माणूस शोधतेय, पण त्याला संशय न येता कसं विचारायचं ते सुचवा.