आय-९४ वरची तारीख कमी का?

«नवऱ्याचं एच-१बी आणि माझं एच-४, दोन्हींची मंजुरी सप्टेंबर 2028 पर्यंत. भारतातून परत आले तर माझ्या आय-९४ वर फेब्रुवारी 2027! रोज उघडून बघते. चूक असेल का?»

बहुधा चूक नाही. आय-९४ म्हणजे अमेरिकेत शिरताना मिळणारी, कधीपर्यंत राहता येईल याची नोंद. तुमचा पासपोर्ट फेब्रुवारी 2027 मध्येच संपतोय का, ते आधी बघा. विमानतळावरचा अधिकारी पुष्कळदा पासपोर्टच्या मुदतीपुढची तारीख देतच नाही. नवऱ्याचा पासपोर्ट पुढे चालत असेल तर त्याला पूर्ण मुदत मिळते, म्हणून दोघांच्या तारखा वेगळ्या. आणि इथे राहण्याची मुदत ठरते ती सगळ्यात शेवटी मिळालेल्या आय-९४ वरून, व्हिसाच्या शिक्क्यावरून नव्हे. लोक नेमके इथेच फसतात, कारण घरातल्या फाइलमध्ये 2028 चा मंजुरीचा कागद असतो.

पासपोर्टचं नूतनीकरण वकिलातीकडे आत्ताच करून घ्या. पण नवा पासपोर्ट हातात आला म्हणून आय-९४ आपोआप वाढत नाही. मग एकतर त्या तारखेआधी देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर परत यायचं (व्हिसाचा शिक्का चालू असेल तरच, आणि जुना पासपोर्टही सोबत ठेवून), किंवा इथूनच मुदतवाढीसाठीचा आय-५३९ अर्ज मुदत संपण्याआधी दाखल करायचा. दुसऱ्या वाटेला वेळ लागतो, पण वेळेत अर्ज गेला असेल तर निकालापर्यंत थांबता येतं. ड्रायव्हिंग लायसन्सची तारीखही बघा. बऱ्याच राज्यांत ती आय-९४ लाच बांधलेली असते.

नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाला आजच मेल टाका. आणि यापुढे प्रत्येक वेळी परत आल्यावर i94.cbp.dhs.gov वर घरातल्या प्रत्येकाचं पान वेगळं उघडून बघा, मुलांचंही.