आर-मूल्य, आरएसआय आणि यू-मूल्य: तीन देशांची लेबले एका मापात कशी आणावीत?

मृण्मयी: काचलोकरीच्या तीन उष्णतारोधक पट्ट्यांची तुलना करताना मी अडले आहे. अमेरिकी पट्टीवर उष्णतेला होणारा रोध 'आर-१३' असा छापला असून तिची जाडी साडेतीन इंच आहे. ऑस्ट्रेलियन पट्टीवर 'आर २.५' आणि ९० मिलिमीटर असे आहे, तर युरोपीय पट्टीवर आर २.८५, जाडी १०० मिलिमीटर आणि लॅम्डा म्हणजे उष्णतावाहकता ०.०३५ दिली आहे. तिन्हींवर अक्षर एकच असताना अमेरिकी पट्टी पाचपट चांगली आहे असे समजायचे का? काही तक्त्यांत आरएसआय दिसते, ती निराळी राशी आहे का?

शैलेश: यू-मूल्य म्हणजे आर-मूल्याचा व्यस्त, हे लक्षात घेतले की प्रश्न सुटतो. १ भागिले १३ म्हणजे ०.०७७ आणि १ भागिले २.८५ म्हणजे ०.३५. यू जितके कमी तितके चांगले, म्हणून अमेरिकी पट्टीच सरस ठरते.

अविनाश: शैलेशराव, व्यस्ताचा नियम बरोबर आहे, परंतु तुमची दोन उत्तरे दोन वेगळ्या एककांत आहेत. अमेरिकी आर चौरस फूट, फॅरनहाइट अंश, तास आणि बीटीयू यांवर बेतलेला आहे. युरोप, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे छापला जाणारा आर मात्र चौरस मीटर, केल्व्हिन आणि वॅट यांवर बेतलेला असतो. या दुसऱ्यालाच आरएसआय म्हणतात. राशी तीच, फक्त माप मेट्रिक. कॅनडात दोन्ही आकडे शेजारी छापतात, म्हणून तिथे गोंधळ कमी होतो.

अमेरिकी आरला ५.६७८ ने भागले की आरएसआय मिळते. १३ चे होतात २.२९. म्हणजे मृण्मयीताईंच्या तीन पट्ट्या २.२९, २.५ आणि २.८५ अशा आहेत आणि सर्वांत मोठा आकडा मिरवणारी पट्टी प्रत्यक्षात सर्वांत कमी रोध देते. यू-मूल्याला हाच गुणक उलट लागतो. अमेरिकी ०.०७७ ला ५.६७८ ने गुणले की ०.४४ येतात, आणि हा आकडा ०.३५ शेजारी ठेवता येतो.

जाडीचाही विचार हवा. युरोपीय पट्टी १०० मिलिमीटरची आहे. तोच माल ९० मिलिमीटर जाडीत घेतला, तर ०.०९ भागिले ०.०३५ म्हणजे साधारण २.५७ येतात. मग ऑस्ट्रेलियन पट्टीहून तो जेमतेमच वरचढ उरतो.

लेबलावर एकक नसेल तेव्हा मी एक पडताळणी नेहमी करतो. मीटरमधील जाडीला छापील आरने भागायचे, म्हणजे मालाची वाहकता मिळते. काचलोकर, खनिज लोकर किंवा फेस यांसाठी उत्तर साधारण ०.०२ ते ०.०४५ यांच्यात आले, तर तो आर मेट्रिक आहे. ०.०८९ भागिले १३ केल्यास ०.००७ च्या आसपास येते, आणि काचलोकर इतकी चांगली असूच शकत नाही. निर्वात पॅनेलला मात्र ही कसोटी लावू नये, कारण त्यांची वाहकता खरोखरच इतकी कमी असते.

सुनंदा: माझ्याकडे हाच घोळ खिडक्यांच्या बाबतीत झाला आहे. अमेरिकी खिडकीवर यू ०.३० आहे, युरोपीय खिडकीवर १.४. मी पहिलीच निवडणार होते.

अविनाश: सुनंदाताई, पट्टीची तुलना आणि खिडकीची तुलना यांत फरक आहे, तरी गुणक तोच. ०.३० चे मेट्रिकमध्ये १.७० होतात, म्हणून छापील आकड्यांवरून तरी १.४ ची खिडकी चांगली. मात्र युरोपीय आकडा पूर्ण खिडकीचा आहे की केवळ काचेचा, हे आधी पाहावे. अमेरिकी लेबलावरचा आकडा चौकटीसह पूर्ण खिडकीचा असतो.

शैलेश: मान्य. मग भिंतीचे यू-मूल्य काढताना पट्टीच्या आरएसआयचा व्यस्त घेतला की पुरे ना?

अविनाश: पुरत नाही. भिंतीच्या यूमध्ये इतर थर आणि दोन्ही पृष्ठभागांलगतच्या हवेचा रोधही मोजतात. युरोपीय गणनेत भिंतीसाठी आतला ०.१३ आणि बाहेरचा ०.०४ धरतात. त्यातल्या आतल्या रोधाचे चिन्ह Rsi असे छापतात. ते RSI समजून ०.१३ हा पट्टीचा रोध धरलेली गणिते मी पाहिली आहेत, म्हणून अक्षरांचा आकार नीट पाहावा. शिवाय सांगाड्याच्या लाकडी वा पोलादी उभ्यांमधून उष्णता निसटते, त्यामुळे भिंतीचा खरा यू पट्टीवरून केलेल्या हिशेबापेक्षा वाढतो.

मृण्मयी: एक शंका उरते. चाचणीचे तापमान सर्वत्र सारखे असते का?

अविनाश: नसते. युरोपीय घोषित मूल्य सहसा १० अंश सेल्सियस सरासरी तापमानाला असते, अमेरिकी सुमारे २४ ला. काचलोकरीची वाहकता तापमानाबरोबर वाढते, म्हणजे २.२९ हा आकडा १० अंशांना थोडा वर सरकेल. पण युरोपीय घोषित मूल्यात उत्पादनातील चढउतारासाठी सांख्यिकीय राखीव भागही धरलेला असतो. या दोहोंची मिळून एकच दुरुस्ती सांगणे मला योग्य वाटत नाही. २.५ आणि २.५७ यांसारख्या फरकावरून निवड करायची असेल, तर दोन्ही उत्पादकांकडून एकाच तापमानाची मूल्ये मागवावीत.