मदत हवी आहे: दोन एनर्जी मीटर, ए-बी मध्ये 40 ओहम

नमस्कार मंडळी. म्हापशाला आमच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दोन थ्री-फेज मीटर मॉडबसवर वाचतोय. यूएसबी-आरएस485 अडॅप्टरपासून ट्विस्टेड पेअर आधी मेन पॅनेलच्या मीटरला, तिथून पुढे कॉम्प्रेसरच्या मीटरला जाते. एकूण साधारण 40 मीटर. 9600 बॉड, पॅरिटी नाही.

रजिस्टर मॅपचा घोळ सुटला. मॅन्युअलमध्ये व्होल्टेज 30001 ला आहे, म्हणजे फंक्शन 04 आणि प्रत्यक्ष पत्ता 0. दोन रजिस्टर मिळतात, 17254 आणि 32768. पहिलं वरचा शब्द धरून फ्लोट केला की बरोबर 230.5 येतात, उलट लावले तर आकडा निरर्थक.

अडचण वेगळीच आहे. कॉम्प्रेसर सुरू झाला की दूरच्या मीटरकडून सीआरसी एरर येतात, कधी उत्तरच येत नाही. अडॅप्टर काढून, मीटरची पॉवर बंद करून लाइनवर ए-बी मोजलं, तर 60 ओहम. हे मला खटकतंय, कारण शेवटच्या मीटरवर मी लावलेला 120 चा एकच रेझिस्टर दिसायला हवा होता. अडॅप्टरमध्ये 120 चा आहेच, तो जोडला की 40 होतात.

मधल्या मीटरच्या आत टर्मिनेशन असेल का? बाहेर जंपर दिसत नाही. मेनूतून बंद करता येतं का? आणि तो काढल्यावर बायस रेझिस्टर लावावे लागतील का? शील्ड सध्या दोन्ही टोकांना अर्थ केलीय, एकीकडची सोडून बघू का?