मदत हवी आहे: चिंचोक्यांच्या खेळातून मुलं काय शिकली, हे कसं ओळखू?

मोठागट_ताई: माझ्या बालवाडीत चार-पाच वर्षांची मुलं दुकान-दुकान खेळतात. गिऱ्हाईक फासा टाकतं, जितके ठिपके पडतील तितके चिंचोके दुकानदार देतो. मुलं रमतात, पण संख्या खरंच कुणाला कळली हे सांगता येत नाही. लेखी काही घ्यायचं नाही. नेमकं काय बघू?

सुलभा_क: एकेकाला जवळ बोलावून वीसपर्यंत आकडे म्हणायला लावा. न अडखळता म्हटले की आलं समजायचं.

विहानची_आई: माझा मुलगा दुसरीत आहे, वजाबाकीत हातचा विसरतो. त्याला हा खेळ चालेल का?

गोदाकाठ: विहानच्या आई, त्याला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडायला द्या. हा खेळ त्याच्यासाठी नाही.

सुलभाताई, आकड्यांचा क्रम पाठ असणं हवंच. पण वीसपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाकडे पाच चिंचोके मागितले की कधीकधी मूठभर हातात येतात.

ताई, फाशाची एक अडचण आहे. एका ठिपक्याला एक चिंचोका लावत गेलं की पाच म्हणजे किती हे न कळताही उत्तर बरोबर येतं. म्हणून थोडा वेळ फासा बाजूला ठेवा आणि तुम्हीच गिऱ्हाईक व्हा. ढिगाकडे बोट दाखवून "मला पाच दे" म्हणा. पाचावर आपणहून थांबतं का, ते बघा. समजा चार दिले, तर "हे पाच आहेत का? मोजून बघ बरं" म्हणा. समज असलेलं मूल चारपर्यंत मोजून आणखी एक टाकतं. समज नसलेलं मूल चारपर्यंत मोजूनही "हो" म्हणतं, नाहीतर आणखी मूठभर ओततं. मग तीन मागा, दोन मागा. कुठपर्यंत जमतं ते कळेल.

रोज तीन-चार मुलांकडेच बघा. वहीत "छान" लिहू नका, घडलं ते लिहा: "पाच मागितले, तीन दिले, मोजून तीन म्हणाली, भर घातली नाही." काही दिवसांनी बटणं घेऊन पुन्हा बघा, कारण एखाद्या दिवशी मूल नुसतं कंटाळलेलंही असतं.

मोठागट_ताई: आज करून पाहिलं. फाशावर कधीच न चुकणाऱ्या दोघांनी पाच मागितल्यावर ओंजळभर दिले! एक मुलगी पाच बरोबर देते, पण "किती दिलेस?" विचारलं की गप्प. तिचं काय लिहू?

गोदाकाठ: बरोबर दिले, बोलली नाही, एवढंच लिहा. तिचं देणं हेच उत्तर धरा.

सुलभा_क: आमच्याकडची अशी मुलं बाहुलीला सांगतात, ताईला नाही. बाहुलीला गिऱ्हाईक करून बघा. पण पाच नीट देऊन सात मागितले की गडबडणाऱ्यांचं काय? समज कमी म्हणायची की मोजताना भान सुटलं?

गोदाकाठ: ते मलाही एका बैठकीत ठरवता येत नाही. मी अशा मुलाला चिंचोके एकेक करून वाटीत टाकायला सांगते. तरीही चुकलं तर निकाल न लिहिता पुढच्या आठवड्यात पुन्हा बघते.