दीड क्रेडिटच्या लॅब: शीटमध्ये एसजीपीए 7.60, गुणपत्रिकेवर 7.46. कुठं चुकतंय?

रंकाळ्याकाठी
राजारामपुरीत खोली घेऊन राहतोय, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. सीनियरनं दिलेल्या एक्सेल शीटमध्ये ग्रेड भरले तर एसजीपीए 7.60 येतोय, गुणपत्रिकेवर मात्र 7.46 आहे. रिचेकिंगच्या अर्जाची मुदत सोमवारी संपते, म्हणून घाईनं विचारतोय.

गणित 4 क्रेडिट, ग्रेड पॉइंट 7. फिजिक्स 4 क्रेडिट, 6. प्रोग्रॅमिंग 3 क्रेडिट, 8. फिजिक्स लॅब 1.5 क्रेडिट, 9. प्रोग्रॅमिंग लॅब 1.5 क्रेडिट, 10.

शीट 1.5 घेतच नाही, चूक दाखवते. म्हणून दोन्ही लॅबना 2 घातलं. तेवढ्यानं इतका फरक पडतो?

ऊसवाला
भावा, घोळ तिथंच आहे. लॅबचा गुणाकार दीडनंच कर, 13.5 आणि 15 येतील. सगळे मिळून 104.5. त्याला तुझ्या शीटमधल्या 15 नं भाग.

रंकाळ्याकाठी
6.97 आलं! हे तर गुणपत्रिकेपेक्षाही कमी.

गणिताच्या बाई
वर दीड धरलं, खाली मात्र दोनच राहिलं. क्रेडिटची बेरीज 15 नाही, 14 आहे. 104.5 भागिले 14 म्हणजे 7.464. गुणपत्रिका बरोबर आहे बाळा, अर्जाची फी भरू नकोस.

आठवड्याला तीन तास प्रॅक्टिकल आणि दोन तासांना एक क्रेडिट, म्हणून दीड. तुझे सगळ्यांत चांगले ग्रेड नेमके लॅबमध्येच आहेत, त्यामुळे त्यांचं वजन वाढवलं की एसजीपीए फुगला. लॅबमध्ये कमी पडले असते तर तोच 2 तुला खाली ओढता.

शीटमध्ये क्रेडिटच्या रकान्यावर Data Validation मध्ये Whole number लावलेलं असणार. तिथं Decimal कर आणि हे सूत्र घाल:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)/SUM(B2:B6)
```

B मध्ये क्रेडिट, C मध्ये ग्रेड पॉइंट. मग सगळीकडे 8 भरून बघ, उत्तर 8 च यायला हवं. ऊसवाल्यांच्या रीतीनं 112 भागिले 15, म्हणजे 7.47 येतं, चूक लगेच कळते. पण तुझी पहिली चूक या परीक्षेत सापडत नाही, कारण वर-खाली दोन्हीकडे 2 धरलं तरी 8 च येतं. त्यासाठी क्रेडिटची बेरीज गुणपत्रिकेशी जुळवायची.

शाहूपुरीकर
बाई, माझं जरा वेगळं आहे. अर्ध्या क्रेडिटच्या वर्कशॉपमध्ये मी नापास आहे. तो अर्धा क्रेडिट भागाकारात धरतात का?

गणिताच्या बाई
त्याचे पॉइंट शून्य, हे नक्की. खाली तो धरायचा की नाही हे तुमच्या विद्यापीठाच्या नियमावर आहे. गुणपत्रिकेवर नोंदवलेले आणि मिळवलेले क्रेडिट वेगळे छापले असतील तर दोन्हींनी भागून बघा, कुठला आकडा जुळतो ते इथं लिहा.

शाहूपुरीकर
माझ्याकडं ऑनलाइन निकालाची प्रिंट आहे, त्यात एकच बेरीज दिसते. मूळ गुणपत्रिका हातात आली की कळवतो.

रंकाळ्याकाठी
Decimal केलं, बेरीज 14 झाली, 7.46 आलं. अर्ज करत नाही. शीट सीनियरलाही दुरुस्त करून पाठवतो, वर्गातल्या निम्म्यांकडं तीच आहे.