मदत हवी आहे: एकच न्यायाधीश, तीन नियम?

ठाण्यात एलएलबी करतोय, गुरुवारी पेपर आहे. कायद्याचा अर्थ लावायच्या लिटरल, गोल्डन, मिसचिफ या तीन नियमांच्या व्याख्या पाठ आहेत, पण निवाड्यांपाशी गाडी अडते.

फिशर विरुद्ध बेलमध्ये दुकानदाराने काचेत किंमत लावून खटक्याचा चाकू ठेवला. कायदा ‘विक्रीस देऊ करणे’, म्हणजे ‘ऑफर’, गुन्हा मानत होता. करारकायद्याप्रमाणे काचेतली वस्तू म्हणजे फक्त बोलणी करण्याचं आमंत्रण, म्हणून तो सुटला. हा लिटरल रूल. त्याच 1960 मध्ये स्मिथ विरुद्ध ह्यूजेस: वेश्या बाल्कनीतून, खिडकीतून रस्त्यावरच्या पुरुषांना बोलवत होत्या. कायद्यात ‘रस्त्यावर’ असं होतं, तरी दोषी, कारण लोकांना त्रास न होता रस्त्यावरून जाता यावं हाच कायद्याचा हेतू. हा मिसचिफ. पुढे ॲडलर विरुद्ध जॉर्जमध्ये कायद्यात हवाईतळाच्या ‘आसपास’ अडथळा आणणं गुन्हा होता, पण माणूस तळाच्या आतच होता. ‘आसपास’मध्ये ‘आत’ही धरलं, नाहीतर बाहेरचा दोषी आणि आतला निर्दोष. हा गोल्डन.

तिन्हीकडे न्यायाधीश लॉर्ड पार्करच! हेतू बघितला असता तर चाकूवालाही अडकला असता ना? की ‘ऑफर’ला कायद्यात ठरलेला अर्थ होता आणि ‘रस्त्यावर’ला नव्हता, म्हणून फरक? उत्तरात एवढं कारण पुरेल का? सीनिअर मंडळींनी कृपया सांगा.