आधी .srt सुधारा

"व्हिडिओचा ऑटो ट्रान्सक्रिप्ट ब्लॉगला टाकला तरी सगळं नव्यानं लिहावं लागतं. मग फायदा काय?"

एकच चूक कॅप्शन, ब्लॉग आणि व्हिडिओतल्या वाक्याचं कोट कार्ड अशा तीन ठिकाणी सुधारत बसू नका. मी आधी .srt, म्हणजे वेळांसकट कॅप्शनची फाइल, दुरुस्त करते, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. पुण्यातल्या पेठांवरच्या व्हिडिओत 'नानावाडा'चं 'नाना वाढा' झालं होतं. एका फाइंड-रिप्लेसमध्ये सुटलं. माझ्या बहुतेक चुका अशा विशेषनामांतच सापडतात. हीच फाइल कॅप्शन म्हणून चढवते. मग तिच्या प्रतीतून क्रमांक आणि वेळेच्या ओळी काढल्या की ब्लॉगचा कच्चा मजकूर तयार. विरामचिन्हं, परिच्छेद आपले आपण, वीसेक मिनिटं जातात. कोट कार्डाचं वाक्य मात्र फाइलमधली वेळ बघून व्हिडिओत ऐकाच. माझ्याकडे एकदा 'नाही' गळलं, आणि कार्डावर पाहुणे काका नेमकं उलटं बोलले!